वेढे, फ्लक्स आणि दोन किलो लोखंड

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एखाद्या दुकानदाराकडे बारा व्होल्टचा, शंभर व्हीएचा ट्रान्सफॉर्मर मागितला, की तो दोन्ही हातांनी उचलून काउंटरवर ठेवतो. वजन साधारण दोन किलो. त्याच दुकानात जवळपास तेवढीच वीज देणारा लॅपटॉपचा अॅडॉप्टरही मिळतो आणि तो अर्ध्या किलोच्याही आत असतो. दोन्ही घरातल्या त्याच २३० व्होल्टच्या सॉकेटला लागतात. मग पहिल्याला एवढं लोखंड का लागतं?

उत्तर एका छोट्या सूत्रात आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात ते पाठ करून घेतात, आणि वाइंडिंगचं काम करणारे कारागीर त्याचं नावही न घेता रोज वापरतात. गंमत म्हणजे या सूत्रात ट्रान्सफॉर्मर किती वीज देणार आहे याचा कुठेच उल्लेख नाही. तरीही लोखंडाचा आकार ठरतो तो त्याच्यापासूनच.

पाच मिलिसेकंदांचा हिशेब

२९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅराडेने लोखंडी कड्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या केल्या. एका गुंडाळीला बॅटरी जोडताना आणि तोडताना दुसऱ्या गुंडाळीला जोडलेली सुई हलली. बॅटरी नुसती जोडून ठेवल्यावर मात्र ती हलेना. कड्यात चुंबकत्व असून भागत नाही, ते बदलावं लागतं. लोखंडातून जाणाऱ्या या चुंबकत्वाच्या एकूण मापाला फ्लक्स म्हणतात आणि ते वेबर या एककात मोजतात. तारेच्या एका वेढ्यातून जाणारा फ्लक्स सेकंदाला एक वेबर या वेगाने बदलत असेल, तर त्या वेढ्यात एक व्होल्ट तयार होतो. हाच तो ईएमएफ.

आता काउंटरवरच्या दोन किलोच्या ट्रान्सफॉर्मरकडे वळू. त्याच्या लोखंडात जास्तीत जास्त १.३८ मिलिवेबर फ्लक्स असतो असं धरू. हा आकडा आला कुठून, ते पुढे कळेल. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पुरं होतं. तेवढ्यात फ्लक्स शून्यापासून एका दिशेच्या टोकाला जातो, शून्यावर परततो, उलट दिशेच्या टोकाला जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. असे चार टप्पे असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला ५ मिलिसेकंद येतात.

पहिल्या टप्प्यात फ्लक्स ५ मिलिसेकंदांत १.३८ मिलिवेबरने वाढला. भागाकार केला की एका वेढ्यामागे ०.२७६ व्होल्ट मिळतो. ही झाली सरासरी. आपण मात्र वीज सरासरीने मोजत नाही. घरातले २३० व्होल्ट हे आरएमएस मूल्य आहे, म्हणजे हीटर जितका तापेल त्यावरून ठरवलेलं माप. साइन आकाराच्या लाटेत सरासरी ही शिखराच्या ०.६३७ पट असते आणि आरएमएस ०.७०७ पट. दोन्हींचं गुणोत्तर १.११ येतं. ०.२७६ ला १.११ ने गुणलं की एका वेढ्यामागे ०.३०६ व्होल्ट.

हाच हिशेब अक्षरांत मांडायचा तर असा. कमाल फ्लक्स Φm, वारंवारता f आणि वेढे N घेतले, तर पाव आवर्तनाला 1/(4f) सेकंद लागतात. त्यामुळे सरासरी ईएमएफ 4 f N Φm इतका येतो. त्याला १.११ ने गुणलं की झालं:

E = 4.44 f N Φm

कलनशास्त्र येणाऱ्यांना हे एका ओळीत जमतं. साइन आकाराच्या फ्लक्सचा बदलाचा कमाल वेग 2πf Φm असतो, आणि त्याला √2 ने भागलं की ४.४४ चाच आकडा पडतो. पाव आवर्तनाच्या वाटेचा फायदा असा, की ४ आणि १.११ हे दोन घटक वेगवेगळे दिसतात. ४ हा चार टप्प्यांचा आकडा आहे, तर १.११ लाटेच्या आकाराचा. लाट साइन नसून चौकोनी असेल, तर सरासरी आणि आरएमएस सारखेच असतात आणि सूत्रात नुसता ४ उरतो. लॅपटॉपच्या अॅडॉप्टरकडे जाताना हा फरक उपयोगी पडणार आहे.

लोखंड कुठवर साथ देतं

सूत्र सहसा असं वाचलं जातं, की फ्लक्स दिला तर व्होल्टेज किती निघेल. ट्रान्सफॉर्मर बांधणारा माणूस ते उलट वाचतो. व्होल्टेज वीज कंपनीने ठरवलेलं आहे, वारंवारताही तिचीच. प्रायमरीच्या तारेचा रोध किरकोळ असल्याने २३० व्होल्ट दिले, की आतही जवळपास तेवढाच ईएमएफ तयार व्हावा लागतो. त्यामुळे वेढे एकदा ठरले, की लोखंडात किती फ्लक्स फिरायचा हेही ठरून जातं. लोखंडाला ते झेपतं की नाही, याची फिकीर सूत्र करत नाही.

ती फिकीर डिझायनरने करायची. लोखंडाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून किती फ्लक्स जातो ते टेस्ला या एककात मोजतात. सिलिकॉन मिसळलेलं विद्युत पोलाद २ टेस्लाच्या आसपास संपृक्त होतं. त्यापुढे फ्लक्स थोडासा वाढवायचा तरी प्रवाह कितीतरी पटींनी वाढवावा लागतो. वितरणाच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उत्तम प्रतीचं सीआरजीओ पोलाद १.५ ते १.७ टेस्लापर्यंत वापरतात. लहान ट्रान्सफॉर्मरच्या साध्या स्टॅम्पिंगमध्ये १.२ टेस्लाला थांबणं शहाणपणाचं मानतात.

आपल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पत्र्यांची चळत आहे. ‘ई’ची मधली दांडी सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर रुंद आणि चळतीची उंची ३८ मिलिमीटर. दोन्हींचा गुणाकार बारा चौरस सेंटिमीटर होतो. पत्र्यांवरचा इन्सुलेशनचा थर आणि मधल्या फटी वजा केल्या की खरं लोखंड साडेअकरा उरतं. त्याला १.२ टेस्लाने गुणलं की १.३८ मिलिवेबर. मघाशी गृहीत धरलेला आकडा इथून आला.

एका वेढ्याला ०.३०६ व्होल्ट, म्हणजे एका व्होल्टला ३.२६ वेढे. कारागिरांच्या बोलण्यात याला ‘टर्न पर व्होल्ट’ म्हणतात, आणि सगळं काम त्यावर चालतं. २३० व्होल्टला ७५१ वेढे, १२ व्होल्टला ३९. भार आल्यावर तारेत थोडं व्होल्टेज खर्च होतं म्हणून सेकंडरीला दोन वेढे जादा देऊन ४१ करतात.

तांबं महाग आहे म्हणून कुणी प्रायमरीला ७५१ ऐवजी ३७५ वेढेच घातले तर? तितकेच २३० व्होल्ट आता निम्म्या वेढ्यांत पेलायचे, म्हणजे फ्लक्स दुप्पट, २.४ टेस्ला. एवढा फ्लक्स हे पोलाद सहजासहजी देत नाही. ईएमएफ कमी पडतो आणि प्रायमरीतून प्रचंड प्रवाह धावू लागतो. सेकंडरीला काहीही जोडलेलं नसताना ट्रान्सफॉर्मर मोठ्याने घूं घूं करतो, मिनिटांत तापतो, बहुधा फ्यूजही उडवतो. भाराविना तापणारा ट्रान्सफॉर्मर दिसला, की पहिला संशय कमी पडलेल्या वेढ्यांवर किंवा आतल्या आत शॉर्ट झालेल्या वेढ्यांवर घ्यावा.

असाच प्रकार, थोडा सौम्य, अमेरिकेहून परतलेल्या घरांत घडतो. तिकडचा जुना अॅम्प्लिफायर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. इकडे तो चालवायला व्होल्टेज उतरवणारा खोका आणतात. तो खोका व्होल्टेज बदलतो, वारंवारता नाही. सूत्रानुसार फ्लक्स ठरतो तो व्होल्टेज भागिले वारंवारता यावरून. तिकडे १२० भागिले ६०, म्हणजे २. इकडे खोक्याने नेमके १२० व्होल्ट दिले तर १२० भागिले ५०, म्हणजे २.४. फ्लक्स वीस टक्क्यांनी चढला. मूळ डिझाइन १.४ टेस्लाचं असेल, तर ते आता १.६८ वर जाऊन पोचलं. खोका ११० व्होल्टचा असेल तर वाढ दहा टक्क्यांवर येते, आणि अशा उपकरणाला तोच बरा.

भार सूत्रात नाही, मग कुठे आहे?

सेकंडरीला दिवा जोडला, की तिच्यातून ८.३३ अँपिअर वाहू लागतात. ३९ वेढ्यांतून जाणारा हा प्रवाह लोखंडातला फ्लक्स खाली दाबू पाहतो. फ्लक्स किंचित घटला, की प्रायमरीचा ईएमएफ किंचित घटतो आणि ती सॉकेटमधून जादा प्रवाह ओढते. तिच्या ७५१ वेढ्यांतून ०.४३५ अँपिअर वाहिले, की दोन्ही बाजूंचे गुणाकार सारखे होतात, सव्वातीनशे अँपिअर-वेढ्यांच्या आसपास. फ्लक्स पुन्हा जवळपास होता तिथेच. म्हणून लोखंडाच्या दृष्टीने रिकामा ट्रान्सफॉर्मर आणि पूर्ण भाराचा ट्रान्सफॉर्मर सारखेच. ‘भार वाढला म्हणून कोअर संपृक्त झाला’ असं पुष्कळदा ऐकू येतं, पण साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तसं होत नाही. जादा भाराने जळते ती तार.

आणि ती तार राहते लोखंडाच्या खिडकीत. ‘ई’च्या दांड्यांमधली मोकळी जागा म्हणजे खिडकी. एका चौरस मिलिमीटर तांब्यातून अडीच अँपिअर, हा छोट्या ट्रान्सफॉर्मरचा नेहमीचा हिशेब. त्याने प्रायमरीला २६ गेजची तार येते आणि सेकंडरीला १४ गेजची. दोन्हींच्या तांब्याचं क्षेत्रफळ मिळून साधारण २६७ चौरस मिलिमीटर होतं. या मापाच्या पत्र्यात खिडकी असते ७५६ चौरस मिलिमीटरची. तांबं जेमतेम पस्तीस टक्के जागा व्यापतं. उरलेली जागा बॉबिनची भिंत, थरांमधला कागद, तारेवरचं एनॅमल आणि गोल तारांमधल्या फटी खातात. हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या पुढे नेऊ गेलं, की हाताने गुंडाळलेलं बॉबिन पत्र्यांत बसत नाही.

समजा वजन वाचवण्यासाठी चळत निम्मीच ठेवली. लोखंड निम्मं, म्हणून एका वेढ्याचं व्होल्टेज निम्मं, म्हणून वेढे दुप्पट. प्रवाह तोच असल्याने तारेची जाडी कमी करता येत नाही. वेढे दुप्पट आणि जाडी तीच, म्हणजे तांबं ५३४ चौरस मिलिमीटर. खिडकी तर तेवढीच. काम अडलं. उलट चळत वाढवली तर वेढे कमी होतात, खिडकी मोकळी राहते आणि लोखंडाचं बिल वाढतं. लोखंडाचं क्षेत्रफळ आणि खिडकीचं क्षेत्रफळ ही अशी एकमेकांच्या बदल्यात देता येतात. वीज किती जाईल हे त्या दोघांच्या गुणाकारावर ठरतं:

S = 2.22 f Bm Ai (k J Aw)

कंसाबाहेर आहे एका वेढ्याच्या व्होल्टेजचा भाग, कंसात आहेत खिडकीत बसणारे सगळे अँपिअर-वेढे. J म्हणजे तांब्यातल्या प्रवाहाची घनता, k म्हणजे खिडकीचा तांब्याने भरलेला हिस्सा. खिडकीचा अर्धा वाटा प्रायमरीचा आणि अर्धा सेकंडरीचा असल्यामुळे ४.४४ चे २.२२ झाले. आपले आकडे त्यात घातले की उत्तर १०१ व्हीए येतं.

जुन्या कारागिरांचा एक ठोकताळा आहे: व्हीएचं वर्गमूळ काढा आणि १.१५ ने गुणा, तितके चौरस सेंटिमीटर लोखंड घ्या. शंभरचं वर्गमूळ दहा, म्हणून साडेअकरा. वर्गमूळ का, ते आता कळतं. आकाराची ठेवण तीच ठेवली, तर लोखंड आणि खिडकी दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. त्यामुळे ४०० व्हीएला चौपट नव्हे, दुप्पटच क्षेत्रफळ पुरतं, २३ चौरस सेंटिमीटर. वजनही चौपट न होता पावणेतीन पटींच्या थोडं पुढे जातं. अर्थात हा ठोकताळा ५० हर्ट्झ आणि साध्या स्टॅम्पिंगपुरताच खरा आहे.

वारंवारता बदलली की

त्या गुणाकारात वारंवारताही आहे. ती वाढवली, की तितक्याच व्हीएसाठी लोखंड आणि खिडकी दोन्हींवरचा ताण उतरतो. विमानांत ४०० हर्ट्झची वीज वापरतात ती यासाठी. तिथे प्रत्येक किलो जपावा लागतो.

याच्या उलट टोकाला जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडची रेल्वे. तिथल्या तारांत १५ हजार व्होल्ट असतात, पण वारंवारता १६.७ हर्ट्झ, आपल्या एक तृतीयांश. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कम्युटेटर मोटरींमध्ये ५० हर्ट्झवर फार ठिणग्या उडत, म्हणून ही कमी वारंवारता निवडली गेली. मोटरी केव्हाच बदलल्या, वारंवारता राहिली. तितक्याच व्होल्टेजला आणि तितक्याच वेढ्यांना तिथे तिप्पट फ्लक्स लागतो, म्हणून त्या इंजिनांच्या पोटात ५० हर्ट्झच्या इंजिनापेक्षा जास्त पोलाद वाहावं लागतं. मुंबईची लोकल आता २५ हजार व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर धावते, तेव्हा तिच्या ट्रान्सफॉर्मरला हा भुर्दंड नाही.

आता अॅडॉप्टरच्या घराण्याकडे. त्यातला थोरला भाऊ, कॉम्प्युटरचा एसएमपीएस, हिशेबाला सोपा. तो २३० व्होल्टची आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो. मग इलेक्ट्रॉनिक स्विचांनी त्याचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतो. हाफ-ब्रिज प्रकारात ट्रान्सफॉर्मरला साधारण १६२ व्होल्टची चौकोनी लाट मिळते. वारंवारता ५० किलोहर्ट्झ धरू, म्हणजे आपल्या हजार पट. लाट चौकोनी, म्हणून ४.४४ ऐवजी ४. कोअरची दांडी फक्त एक चौरस सेंटिमीटरची आणि फ्लक्सची घनता ०.१५ टेस्ला घेतली, तर वेढे निघतात ५४. साडेअकराच्या जागी एक चौरस सेंटिमीटर, साडेसातशेच्या जागी चोपन्न वेढे.

वारंवारता हजार पट झाली, तर आकार हजार पट का घटत नाही? फ्लक्स बदलला की पत्र्यातही भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि त्यांचा तोटा वारंवारतेच्या वर्गाने वाढतो. ५० हर्ट्झला अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चालतो, ५० किलोहर्ट्झला तो तापून लाल होईल. म्हणून तिथे फेराइट वापरतात. तो सिरॅमिकसारखा असतो आणि वीज फारशी वाहू देत नाही. पण गरम असताना तो ०.४ टेस्लाच्या जवळपासच संपृक्त होतो, आणि तोटा आटोक्यात ठेवायला त्याच्याही बऱ्याच खाली थांबावं लागतं. १.२ वरून ०.१५ वर आलो, म्हणजे हजार पटींतल्या आठ पटी तिथेच गेल्या. तांब्याचंही तसंच. ५० किलोहर्ट्झला प्रवाह तारेच्या वरच्या ०.३ मिलिमीटरच्या थरातच राहतो. म्हणून जाड तारेऐवजी बारीक तारांचा पीळ किंवा पातळ पट्टी घ्यावी लागते, आणि ती जागा खाते. शिवाय प्रायमरी आणि सेकंडरीतलं सुरक्षिततेचं अंतर वारंवारता वाढली म्हणून कमी होत नाही.

दहा वेढ्यांची तपासणी

नाव-नंबर नसलेला, पुन्हा गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर दुकानात येतो तेव्हा हेच सूत्र त्याची तपासणी करतं. जाणकार कारागीर वीज बंद ठेवून बॉबिन आणि लोखंडामधल्या फटीतून इन्सुलेशन असलेल्या साध्या तारेचे दहा वेढे घालतो. मग प्रायमरीला २३० व्होल्ट देऊन त्या दहा वेढ्यांवर मीटर लावतो. दांडीची रुंदी आणि चळतीची उंची पट्टीने मोजलेली असते. आपल्या सव्वा इंची पत्र्यावर मीटरने ३.०६ व्होल्ट दाखवले, तर फ्लक्सची घनता १.२ टेस्ला, सगळं ठीक. मीटरने ४.३ दाखवले, तर एका वेढ्याला ०.४३ व्होल्ट आणि घनता १.६८ टेस्ला. साध्या स्टॅम्पिंगला हे जास्त झालं. २३० ला ०.४३ ने भागलं की प्रायमरीचे वेढे ५३५ निघतात, म्हणजे आधी ज्याने गुंडाळलं त्याने दोनशेहून जास्त वेढे कमी घातले. असा ट्रान्सफॉर्मर भाराविनाही तापत राहणार. त्याला ७५१ वेढ्यांनी नव्याने गुंडाळणं, किंवा बॉबिन उंच घेऊन चळतीत आणखी पत्रे भरणं, हे दोनच उपाय उरतात.